किंमत खाली लिहिली होती, तरी सगळ्या किंमतच विचारत होत्या
इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये पहिली ओळ कोणती ठेवायची?



आमचा गट उरण तालुक्यातला. दरवर्षी होळी झाली की आम्ही आगरी मसाल्याच्या कामाला लागतो. वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमधून मिरची आणायची, देठं खुडायची, अंगणात वाळवायची, खडा मसाला भाजायचा आणि डंकावर कुटून आणायचा. मागच्या हंगामात आम्ही गटाच्या कर्जातून जरा जास्तच मिरची उचलली. विचार असा होता की उरणची लोकल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली, आता नेरुळ, सीवूड्स, खारघरच्या गिऱ्हाइकापर्यंत माल पोहोचवणं सोपं झालं आहे. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे, ऑर्डर घ्यायची आणि शनिवारी पिशवी घेऊन नेरुळ स्टेशनला जायचं.

पहिली पोस्ट टाकली. फोटो छान होता, वाळत घातलेल्या मिरचीचा. बदाम बरेच आले, पण त्यातले निम्मे आपल्याच पाहुण्यांचे. खाली कमेंट आल्या: "किंमत काय?", "नवी मुंबईत मिळेल का?", "खूप तिखट आहे का?"

आमची सचिव वैतागली. म्हणाली, "सगळं लिहिलंय की खाली! वाचत का नाहीत बायका?" आणि खरंच, किंमत लिहिली होती, नेरुळ लिहिलं होतं, तिखटाचंही लिहिलं होतं. मग तिने दुसऱ्या ताईच्या फोनवर तीच पोस्ट उघडून बघितली, तेव्हा आमच्या लक्षात आलं. त्या फोनवर आमच्या एवढ्या मोठ्या मजकुरातलं दिसत होतं फक्त हे:

"🙏 सर्वांना सस्नेह नमस्कार. आम्ही महिला बचत गटाच्या माध्यमातून गेली अनेक वर्षे विविध…"

पुढे तीन टिंबं आणि `more`. बास. मसाला हा शब्दसुद्धा दिसत नव्हता.

गिऱ्हाईक वाचत नव्हतं असं नाही. आम्ही त्याला वाचायला दिलं होतं ते नमस्कार आणि "विविध" एवढंच. कर्जाचा हप्ता दर महिन्याला द्यायचा होता, आणि पाऊस लागला की मसाल्याला ओल धरायची भीती. म्हणून आम्ही बसून ही एकच गोष्ट नीट समजून घेतली. ती इथे सांगते.

मजकूर नेमका कुठे कापला जातो

इन्स्टाग्रामवर फोटोखाली जो मजकूर लिहितो त्याला कॅप्शन म्हणतात. त्यात 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं. पण स्क्रोल करणाऱ्या बाईला सुरुवातीला त्यातल्या साधारण दोन ओळीच दिसतात. बाकीचं `more` वर बोट लावलं तरच उघडतं. आणि बोट लावायचं की पुढे सरकायचं, हे ती त्या दोन ओळी बघूनच ठरवते.

"125 अक्षरं दिसतात" असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. तो आकडा ढोबळ आहे, आपल्याला तो लागू पडेलच असं नाही. फोन लहान असेल, कुणी अक्षर मोठं करून ठेवलं असेल, तर आधीच कापलं जातं. शिवाय मराठी अक्षरं मोजणं फसवं असतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं फोन वेगवेगळं मोजतो. "स्त्री" हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसतं, फोनच्या हिशेबाने ती सहा चिन्हं होतात. म्हणून अक्षरं मोजत बसू नका. शब्द मोजा. पहिल्या दहा-बारा शब्दांत मुद्दा आला पाहिजे, आणि त्यातल्या पहिल्या पाच-सहा शब्दांत वस्तूचं नाव आलं पाहिजे.

त्या दोन ओळींतली जागासुद्धा पूर्ण आपली नसते. ओळीच्या सुरुवातीला खात्याचं नाव येतं. आमच्या खात्याचं नाव म्हणजे गाव, गट आणि "महिला बचत गट" असं सगळं जोडून केलेलं. निम्मी ओळ तिथेच संपत होती. नाव लहान करता आलं तर करावं. आणि हे लक्षात घ्या की खात्याच्या नावात गटाचं नाव आधीच आलेलं असतं. मग कॅप्शनच्या सुरुवातीला ते पुन्हा लिहायची गरज काय?

आणखी एक. पहिल्या ओळीनंतर एन्टर मारून मोकळी ओळ सोडली तर मजकूर तिथेच कापला जाऊ शकतो. पहिली ओळ पक्की असेल तर ते चांगलंच, कारण ओळ सुटी, स्वच्छ दिसते. पण पहिल्या ओळीत नुसती तीन मिरच्यांची चित्रं आणि मग एन्टर असेल, तर गिऱ्हाइकाला त्या मिरच्याच दिसणार.

मराठी वाक्याची अडचण

ही गोष्ट आम्हाला उशिरा कळली, पण सगळ्यात उपयोगाची तीच ठरली.

आपल्या भाषेत मुख्य गोष्ट वाक्याच्या शेवटी येते. आधी सगळी विशेषणं, मग वस्तू, आणि सगळ्यात शेवटी क्रियापद. बोलताना ते छान वाटतं, कारण समोरची बाई शेवटपर्यंत ऐकते. कापल्या जाणाऱ्या ओळीत मात्र ते घात करतं. हे वाक्य बघा:

"पारंपरिक पद्धतीने, निवडक मिरच्या उन्हात वाळवून, कोणतीही भेसळ न करता महिलांनी स्वतःच्या हाताने तयार केलेला आगरी मसाला आता उपलब्ध आहे."

वाक्यात चूक काही नाही. पण "आगरी मसाला" हे शब्द कापल्यानंतरच्या भागात गेले. दिसतं ते "पारंपरिक पद्धतीने, निवडक मिरच्या उन्हात वाळवून, कोणतीही…" एवढंच. लोणचं आहे, ठेचा आहे, की मिरचीच विकताय, काही कळत नाही.

म्हणून वाक्य उलटं करायचं. वस्तू पुढे, बाकीचं मागे: "आगरी मसाला, यंदाच्या मिरचीचा." बाजारात आपण असंच ओरडतो ना? "ताजी कोलंबी, ताजी!" असं म्हणतो. "आज पहाटे खाडीतून पकडून आणलेली अत्यंत ताजी अशी कोलंबी उपलब्ध आहे" असं कुणी ओरडत नाही. कॅप्शनची पहिली ओळ हे बाजारातलं ओरडणं आहे. निमंत्रण पत्रिकेची भाषा तिथे चालत नाही.

चांगली ओळ आपल्याच मजकुरात असते

आम्हाला वाटलं होतं की पहिली ओळ म्हणजे काहीतरी झणझणीत सुचावं लागतं. तसं काही नाही. आमचंच जुनं कॅप्शन आम्ही वहीत उतरवून काढलं. त्यातली पुढची वाक्यं अशी होती:

"…उपक्रम राबवत असून यंदाही आपल्या सेवेत आलो आहोत. मिरची वाशी मार्केटमधून निवडून आणली आहे. रंगासाठी ब्याडगी जास्त घेतली आहे, लवंगी कमी, त्यामुळे कालवण लाल होतं पण जाळ होत नाही. पाव किलो 220 रुपये. दर शनिवारी नेरुळ स्टेशनला आणून देतो."

आणि त्या शेजारी कमेंटमधले तीन प्रश्न लिहिले: किंमत काय, नवी मुंबईत मिळेल का, खूप तिखट आहे का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खालच्या चार वाक्यांत तयार होतं. ते खाली दबलं होतं, एवढंच. ते उचलून वर ठेवायचं होतं.

म्हणजे रीत अशी. गिऱ्हाईक सगळ्यात आधी जो प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर ही तुमची पहिली ओळ. प्रश्न मनाने ठरवू नका. कमेंट बघा, व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज बघा, स्टॉलवर बसणाऱ्या ताईला विचारा, "बाया पुड्याला हात लावल्यावर पहिलं काय बोलतात?" जे पुन्हा पुन्हा येतं ते उचला.

ओळख करण्याचं एक सोपं माप आम्हाला सापडलं. कॅप्शनमध्ये जे लिहिलं आहे तेच लोक कमेंटमध्ये विचारत असतील, तर लोक आळशी नाहीत, तुमची पहिली ओळ चुकली आहे.

तीन प्रश्न, तीन पोस्ट, तीन ओळी

सगळी उत्तरं एकाच ओळीत कोंबायची नाहीत. आम्ही तीन वेगळ्या पोस्ट केल्या, दर पोस्टला एक प्रश्न.

पहिली ओळ किंमत आणि ठिकाणाची:
"आगरी मसाला, पाव किलो 220 रुपये. शनिवारी नेरुळ स्टेशनला."
नऊ शब्द. नेरुळ-सीवूड्सच्या बाईला लगेच कळतं की हे आपल्यासाठी आहे. पुण्याची बाई पुढे सरकेल, पण तिला आपण तसंही माल देऊ शकत नव्हतो. पहिल्या ओळीचं काम सगळ्यांना थांबवायचं नाही, आपल्या गिऱ्हाइकाला थांबवायचं आहे.

"किंमत मेसेजवर विचारा" असं लिहायची पद्धत आहे. आम्हीही आधी एकदा तसं केलं होतं. पण विचारायला लाजणाऱ्या बायका खूप असतात. विचारलं आणि महाग निघालं तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या विचारतच नाहीत.

दुसरी ओळ तिखटाची:
"आगरी मसाला: कालवण लाल होईल, पण पोरंही जेवतील."
ही ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी. मागे कारण खरं आहे. ब्याडगी रंग देते, तिखट कमी असते. लवंगी तिखट. आमच्या मसाल्यात ब्याडगीचा भाग मोठा, म्हणून हे आम्ही छातीठोक लिहू शकलो. `more` उघडल्यावर लगेच खालच्या ओळीत हेच कारण दिलं. तुमचा मसाला झणझणीत असेल तर ही ओळ उचलू नका. "सुकटीला, बांगड्याला हवा तसा जाळ" असं लिहा, त्यालाही गिऱ्हाईक आहे.

तिसरी ओळ वेळेची:
"आगरी मसाल्याचा यंदाचा शेवटचा घाणा. पावसात मिरची वाळत नाही."
ही आम्ही मे महिन्याच्या शेवटी टाकली आणि तेव्हा तो खरोखर शेवटचा घाणा होता. एप्रिलमध्ये "शेवटचे काही पुडे" लिहायचं आणि जूनमध्येही तेच लिहायचं, असं केलं तर पुढच्या वर्षी तुमच्या खऱ्या शेवटच्या घाण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तिन्ही ओळींत बघा, "आगरी मसाला" हे शब्द सुरुवातीलाच आहेत. याचा आणखी एक फायदा आहे. इन्स्टाग्रामवर कुणी शोधलं तर कॅप्शनमधले शब्दही उपयोगी पडतात. खारघरमधल्या बऱ्याच बायका इंग्रजी अक्षरांत शोधतात, म्हणून कॅप्शनच्या शेवटी आम्ही `agri masala` आणि `navi mumbai` हेही लिहितो. पण शेवटी, सुरुवातीला नाही.

नमस्कार, गटाची ओळख, एफएसएसएआय नंबर, फोन नंबर, हे सगळं आम्ही काढून टाकलं नाही. ते खाली नेलं. ज्या बाईने `more` उघडलं तिला आपण कोण हे जाणून घ्यायचंच असतं, आणि तिथे गटाची ओळख वाचून तिचा विश्वासही बसतो.

टाकण्याआधी बघायचं कसं

इन्स्टाग्राम टाकण्याआधी दाखवत नाही की कुठे कापलं जाईल. म्हणून आम्ही एक जादा खाते काढलं आहे, प्रायव्हेट करून ठेवलेलं, त्यात फक्त गटातल्या दोन ताई. पोस्ट आधी तिथे टाकायची आणि दुसऱ्या ताईच्या फोनवर बघायची. शक्यतो जिचा फोन सगळ्यात लहान किंवा अक्षर सगळ्यात मोठं तिच्या. तिला विचारायचं, "काय विकतोय, कुणासाठी, कळलं का?" कळलं तरच ती पोस्ट गटाच्या खात्यावर.

आधीच टाकलेल्या पोस्टची ओळ बदलायची असेल तर पोस्टवरच्या तीन टिंबांत `Edit` मध्ये जाऊन बदलता येते. मात्र ज्यांनी ती पोस्ट आधी बघून सोडून दिली त्या परत येत नाहीत. बदलाचा उपयोग यापुढे बघणाऱ्यांना. हंगाम चालू असेल तर नवा फोटो काढून नवीन पोस्टच करावी.

रीलचा हिशेब वेगळा. रील चालू असताना नावाखाली जेमतेम एक ओळ दिसते, तीही अर्धवट. तिथे चार-पाच शब्दच धरून चाला: "आगरी मसाला, पाव किलो 220." बाकीचं व्हिडिओवरच मोठ्या अक्षरात लिहायचं.

कुठे फसतो

पहिला मोह असतो तो लपवून ठेवण्याचा. "हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका", "आमचं गुपित ऐकून थक्क व्हाल". अशा ओळीने एखादी बाई `more` उघडेल, पण आत साधा भाव दिसला की तिला फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या ओळीने जे कबूल केलं ते दुसऱ्या ओळीत मिळालं पाहिजे.

दुसरा मोह मोठ्या दाव्याचा. "100 टक्के शुद्ध", "कोणताही आजार होणार नाही". खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला कायद्याने मनाई आहे, आणि इन्स्टाग्रामची पोस्टही जाहिरातच. जे दाखवता येतं तेच लिहा: कोणती मिरची, कुठून आणली, कधी कुटली.

तिसरं म्हणजे सगळ्याचं खापर पहिल्या ओळीवर फोडणं. फोटो अंधारा असेल तर ओळीपर्यंत नजर जातच नाही. आणि शनिवारी नेरुळला जाणारी ताई दोनदा गेली नाही, तर कितीही चांगली ओळ लिहा, तिसऱ्यांदा ऑर्डर येत नाही.

ओळ चालली का, हे कसं कळणार

व्यावसायिक खातं केलं, ते फुकट होतं, तर `Insights` मध्ये किती जणांनी बघितलं, किती जणांनी सेव्ह केलं, पुढे पाठवलं हे दिसतं. `more` किती जणांनी उघडलं हे मात्र ते दाखवत नाही. म्हणून आम्ही वही ठेवली. गटाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला चार रकाने: तारीख, पहिली ओळ, कुणी काय विचारलं, ऑर्डर किती.

यातला तिसरा रकाना सगळ्यात बोलका. आधी तिथे "किंमत काय" हाच प्रश्न असायचा. ओळ बदलल्यावर प्रश्न बदलले: "दोन पुडे ठेवा", "शनिवारी किती वाजता?", "खारघरला येता का?" असे. किंमत विचारणारी बाई अजून दाराबाहेर उभी असते. वेळ विचारणारी घरात आलेली असते. एका पोस्टवरून मात्र ठरवू नका. एखाद्या पोस्टला सणाची किंवा सुट्टीची गर्दी मिळते. तीन-चार पोस्ट झाल्यावर वही उघडा.

त्या हंगामातला आमचा माल पावसाआधी संपला, दोन पुडे आम्हीच घरी ठेवले. सगळं श्रेय ओळीचं आहे असं मी म्हणणार नाही, शनिवारची फेरीही आम्ही एकदाही चुकवली नाही. पण "किंमत काय?" हा प्रश्न बंद झाला, तो ओळीमुळेच.

पुढच्या गट बैठकीत एवढं करा. गटाची शेवटची पोस्ट दुसऱ्या ताईच्या फोनवर उघडा, `more` ला हात लावू नका, आणि जेवढं दिसतं तेवढं मोठ्याने वाचा. त्यात वस्तूचं नाव आलं नाही, तर तेवढंच वर आणा.